परवानगी द्यायला कुणी उरलंच नसेल तर? : सामान्य वचन, विशेष वचन आणि नीलकंठ भट्ट

आज आपण एकच वाक्य घेऊन बसणार आहोत. धर्मशास्त्रातलं दत्तकासंबंधीचं हे वाक्य वसिष्ठांच्या नावावर आहे. त्या एका वाक्याचे चार प्रांतांत चार अर्थ झाले आणि त्या अर्थांवर शेकडो घरांच्या जमिनी इकडच्या तिकडे गेल्या. ते वाक्य समजायचं तर आधी एक जुना प्रश्न मोकळा करून घ्यावा लागेल. एक वचन सगळ्यांना लागू असतं, दुसरं थोड्यांनाच. दोन्ही एकाच जागी येऊन भिडली, तर काय करायचं?

याचं पाठ केलेलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. सामान्य वचनापेक्षा विशेष वचन बलवान. आपल्या परंपरेत त्याला एक गोड दृष्टांत आहे, पतंजलींच्या महाभाष्यापासून चालत आलेला. पंगत बसली आहे. यजमान सांगतो, ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक. आता कौंडिण्यही ब्राह्मणच आहे, मग त्याला दही आणि ताक दोन्ही वाढायचं का? नाही. त्याला ताकच. त्याचं नाव घेऊन सांगितलं, म्हणून दह्याचा हुकूम त्याच्यापुरता मागे सरला. हा तक्रकौंडिण्य न्याय. सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणायचं आणि त्याला बाजूला सारणाऱ्याला अपवाद.

इथपर्यंत सोपं आहे. आमची तक्रार अशी, की कायद्याची पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. जणू दोन वाक्यं शेजारी ठेवली की कोणतं मोठं आणि कोणतं लहान ते डोळ्यांना आपोआप दिसतं. शास्त्रकारांचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. दोन वचनं खरोखर भिडतात का, आणि भिडत असतील तर अपवादाची हद्द नेमकी कुठे संपते, हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय तो दृष्टांत काही कामाचा नाही.

पहिला प्रश्न आधी घेऊ. वेदात सांगितलंय, कुठल्याही प्राण्याची हिंसा करू नये. आणि वेदातच ज्योतिष्टोम यज्ञात अग्नी आणि सोम यांच्यासाठी पशू मारायला सांगितलंय. मीमांसक म्हणतात, हा सरळ उत्सर्ग आणि अपवाद आहे. यज्ञातला पशू हिंसेच्या मनाईतून वगळला गेला, म्हणून तिथे पाप नाही. सांख्य म्हणतात, थांबा. एक वाक्य म्हणतं हिंसेने पाप लागतं. दुसरं म्हणतं या हिंसेने यज्ञ पुरा होतो. यात भांडण कुठे आहे? यज्ञही पुरा होईल आणि पापही लागेल. एकाच कृत्याची दोन फळं का असू नयेत? वाचस्पती मिश्रांनी सांख्यकारिकेवरच्या आपल्या टीकेत हे फार नेटकं मांडलंय. तात्पर्य काय, तर अपवाद हा अपवाद ठरायला नुसतं त्याचं क्षेत्र लहान असून भागत नाही. दोन्ही वचनं एकाच वेळी पाळता येणार नाहीत, असा विरोध दिसला पाहिजे. विरोध नसेल तर दोन्ही जिवंत राहतात.

हा वाद फक्त आपल्याकडेच झाला असं समजू नका. इस्लामी न्यायशास्त्रात याच प्रश्नावर मोठमोठे ग्रंथ आहेत. तिथे सामान्य शब्दाला आम म्हणतात आणि विशेषाला खास. एक उदाहरण शेतकऱ्यांना लगेच कळेल. पैगंबरांच्या नावावर दोन वचनं सांगितली जातात. एक असं, की आभाळाच्या पाण्यावर जे पिकतं त्याचा दहावा हिस्सा द्यावा. दुसरं असं, की पाच वस्कांहून कमी असेल त्यावर काही द्यायचं नाही. वस्क म्हणजे उंटाच्या ओझ्याएवढं एक माप. आता पीक तीन वस्क झालं. द्यायचं की नाही? बहुतेक फकीह म्हणाले, दुसरं वचन विशेष आहे, ते पहिल्याला आखडतं, म्हणून काही देणं नाही. अबू हनीफा म्हणाले, दशांश द्यायचाच, पीक थोडं असो की फार. त्यांच्या परंपरेत सामान्य शब्द हा आपल्या सगळ्या क्षेत्रावर विशेषाइतकाच पक्का मानला जातो, तो नुसता अंदाजाने पसरलेला नसतो. आणि गंमत बघा, त्यांचेच दोन पट्टशिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी, या मुद्द्यावर गुरूंबरोबर राहिले नाहीत. सगळ्यांच्या समोर वचनं तीच होती. फरक पडला तो सामान्य शब्दाला किती वजन द्यायचं यावर.

आता आपण आपल्या वाक्याकडे येऊ. वसिष्ठ म्हणतात त्याचा आशय असा: स्त्रीने मुलगा दत्तक देऊ नये आणि घेऊही नये, नवऱ्याची परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. एवढंच. एका वाक्यात सामान्य मनाई, आणि तिला जोडूनच तिचा अपवाद. अर्थ कुणाला शोधावा लागेल असं काही त्यात दिसत नाही. नवरा हयात आहे तोवर अडचणही नाही. त्याला विचारायचं, तो हो म्हणाला तर घ्यायचं.

अडचण नवरा वारल्यावर येते. विधवेने काय करायचं? अपवादाचं दार नवऱ्याच्या परवानगीचं आहे आणि परवानगी देणारा माणूसच उरला नाही. आता याचे दोन अगदी उलटे निष्कर्ष निघू शकतात. पहिला: अपवाद अशक्य झाला, म्हणजे मनाई उघडीवाघडी उरली, म्हणून विधवेला दत्तक कधीच घेता येणार नाही. दुसरा: ज्या मनाईला अशी पळवाट ठेवलीय ती मनाईच मुळात परवानगी मागता येईल अशा बाईसाठी आहे, म्हणून विधवा तिच्या कक्षेत येतच नाही. दोन्ही निष्कर्षांना कारण एकच, अपवादाची जागा रिकामी आहे. पण एकाच्या हाती नियम पोलादी झाला आणि दुसऱ्याच्या हातून तो गळून पडला. विशेष सामान्यापेक्षा बलवान, हे सूत्र इथे तुम्हाला काडीची मदत करत नाही. कारण वाद अपवादाच्या बळाचा नाहीच, तो सामान्य नियमाच्या हद्दीचा आहे.

चार प्रांतांत काय झालं ते बघू, म्हणजे हे हवेत राहणार नाही. आपण एक घर कल्पू. तालुक्यातलंच एखादं गाव समजा. दोन भाऊ, वाटण्या झालेल्या. थोरला वारला. मागे बायको आहे, मूल नाही, तीन एकर भातशेती आहे. धाकटा भाऊ शेजारी राहतो. जुन्या कायद्याप्रमाणे ती जमीन बाईकडे तिच्या हयातीपुरती जाणार आणि तिच्या पश्चात दिराकडे किंवा त्याच्या मुलांकडे. बाईने दत्तक घेतला, तर तो मुलगा थोरल्याचा मुलगा ठरतो, जमीन त्याची होते आणि दिराची आशा संपते. म्हणजे हा नुसता पिंडदानाचा प्रश्न नाही, सातबाराचा प्रश्न आहे. हे पुढेही लक्षात ठेवा.

मिथिलेत ही बाई गेली, तर तिथले पंडित म्हणाले असते, परवानगी दत्तक घेण्याच्या क्षणी हवी, तो क्षण नवऱ्याच्या मरणानंतरचा आहे, म्हणून दत्तक नाही. बंगालमध्ये विचारलं असतं, नवरा जिवंतपणी काही सांगून गेला का? सांगून गेला असेल तर ती परवानगी मरणानंतरही चालते, नसेल तर नाही. दक्षिणेत, मद्रासकडे, म्हणाले असते, नवऱ्याने परवानगी दिलेली नसली तरी चालेल, पण त्याच्या सपिंडांची संमती आण. आणि महाराष्ट्रात म्हणाले असते, ही अट सधवेची आहे, तुझी नाही. हे चारही अर्थ 1868 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या कलेक्टरविरुद्धच्या एका गाजलेल्या खटल्यात एका ओळीत मांडले. खटला रामनाडच्या जमीनदारीचा होता, महाराष्ट्राचा नव्हता. पण आपल्या पंडितांबद्दल तिथे जे लिहिलं गेलं ते पुढे सगळीकडे उतरवलं गेलं. त्याचा सूर असा, की महाराष्ट्राच्या ग्रंथकारांनी वसिष्ठांचं वचन खुलासा करून करून उडवून लावलं.

आमचं टीकेचं पहिलं बोट या शेऱ्यावर आहे. उडवून लावलं असं म्हणायला वचन कुणीतरी सोयीसाठी वाकवलेलं असायला पाहिजे. नीलकंठांनी ते वाकवलं का, ते बघूया.

नीलकंठ भट्ट सतराव्या शतकातले. घराणं मूळ पैठणचं, पणजोबांच्या काळात काशीला गेलेलं. वडील शंकरभट्ट नावाजलेले मीमांसक, आजोबा नारायणभट्ट त्याहून मोठे. निर्णयसिंधू लिहिणारे कमलाकरभट्ट हे त्यांचे चुलतभाऊ. नीलकंठांनी भगवंतभास्कर नावाचा बारा भागांचा ग्रंथ लिहिला, प्रत्येक भागाला मयूख म्हणजे किरण असं नाव. त्यातला व्यवहारमयूख हा कोर्टकचेरीचा भाग. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी 1880 साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, नंतर पां. वा. काण्यांनी चांगली आवृत्ती काढली. मुंबई इलाख्यातल्या न्यायाधीशांच्या टेबलावर तो ग्रंथ असायचाच.

दत्तकाच्या प्रकरणात नीलकंठ जे म्हणतात ते फार थोडक्यात आहे. नवऱ्याची परवानगी सधवेलाच लागते, कारण त्या अटीचं प्रयोजन दृष्ट आहे. विधवेला तिच्याशिवायही घेता येतं, वडिलांच्या आज्ञेने, ते नसतील तर ज्ञातींच्या, म्हणजे भाऊबंदांच्या आज्ञेने. या ओळीतला कळीचा शब्द आहे दृष्ट. तो मीमांसेतला आहे आणि सोडवून सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मीमांसक विचारतात, शास्त्राने सांगितलेली एखादी क्रिया कशासाठी आहे? काही क्रियांचा उपयोग डोळ्यांना दिसतो, काहींचा दिसत नाही, तिथे पुण्य मानावं लागतं. भात कांडायला सांगितलंय. इथे आजऱ्यात घनसाळ पिकतो, तेव्हा हे वेगळं सांगायला नको, उखळात कांडायचं ते कोंडा निघावा म्हणून. उपयोग समोर दिसतो. आता एका यज्ञात तांदळाच्या जागी गुंजेएवढ्या सोन्याच्या मण्यांचा चरू सांगितलाय. मूळ यज्ञाचे नियम तिथेही लागू होतात. मग ते सोन्याचे मणी उखळात घालून कांडायचे का? मीमांसासूत्रांच्या दहाव्या अध्यायात याचं उत्तर आहे: नाही. सोन्याला कोंडा नाही. ज्यासाठी क्रिया होती ते कामच उरलं नाही, म्हणून क्रियाही गळाली. कांडण्याचं फळ अदृष्ट असतं, नुसतं पुण्यासाठी असतं, तर मात्र मणीसुद्धा कांडावे लागले असते.

नीलकंठांनी हेच माप परवानगीला लावलं. नवऱ्याला विचारायचं ते कशाला? घर त्याचं आहे, मुलगा त्याच्या वंशात येणार आहे, त्याला न विचारता बायकोने वारस आणून बसवला तर संसार चालणार नाही. हे प्रयोजन डोळ्यांना दिसतं. नवरा गेला म्हणजे ते प्रयोजन गेलं. कोंडाच नाही तर कांडायचं काय? याच्या विरुद्ध, परवानगीने बाईला काही अदृश्य धार्मिक पात्रता येते असं मानलं, तर ती पात्रता विधवेला कधीच मिळणार नाही आणि मनाई कायमची राहील. काशीतच बसून दत्तकमीमांसा लिहिणारे नंदपंडित या दुसऱ्या बाजूचे. त्यांनी विधवेला दत्तकाचा अधिकार नाकारला. म्हणजे आपल्या त्या रिकाम्या जागेचा निकाल व्याकरणाने लागत नाही, अट कशासाठी आहे या उत्तराने लागतो.

नीलकंठांच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे, तो आम्हाला सगळ्यात वजनदार वाटतो. वसिष्ठांच्या वाक्यात देणं आणि घेणं दोन्ही एकाच दोरीत बांधलेलं आहे. एकच कर्ता, एकच मनाई, एकच अपवाद. आता देण्याबद्दल मिताक्षराकार विज्ञानेश्वर काय म्हणतात? आई नवऱ्याच्या परवानगीने मुलगा देऊ शकते, आणि नवरा परगावी असेल किंवा वारला असेल तर एकटीही देऊ शकते. विज्ञानेश्वर बाराव्या शतकाच्या आसपासचे, कल्याणीचे, नीलकंठांच्या कितीतरी आधीचे. म्हणजे देण्यापुरती ती अट नवऱ्याच्या मृत्यूबरोबर सुटते, हे आधीच मान्य होतं. मग त्याच वाक्यातल्या घेण्यापुरती ती का सुटू नये? एका वाक्यातला एकच शब्द अर्ध्यात एका अर्थाने आणि अर्ध्यात दुसऱ्या अर्थाने घेणं हा मीमांसेत मोठा दोष आहे. नीलकंठांनी तो टाळला. तेव्हा वचन उडवून लावलं हा शेरा आम्हाला मान्य नाही. वचनाला त्याची हद्द दाखवली, एवढंच झालं.

आता दुसरी बाजू. नीलकंठांचं वाक्य पुन्हा बघा. विधवेला नवऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येतं, एवढ्यावर ते थांबत नाहीत. वडील किंवा भाऊबंद यांची आज्ञा ते पुढे जोडतात. ही कुठून आली? वसिष्ठांच्या वाक्यात तर ती नाही. ती आली एका आणखी मोठ्या सामान्य वचनातून: स्त्रीचं रक्षण लहानपणी वडिलांनी, लग्नानंतर नवऱ्याने, म्हातारपणी मुलांनी करावं, आणि यांपैकी कुणी नसेल तर ज्ञातींनी. हा शास्त्रीय हिशेब नीट समजून घ्या. एका नियमाच्या कक्षेतून तुम्ही बाहेर पडलात म्हणजे मोकळ्या मैदानात आलात असं नसतं. त्याच्या मागे त्याहून रुंद नियम उभा असतो, तुम्ही त्याच्या हातात पडता. विधवा वसिष्ठांच्या मनाईतून सुटली आणि पालकत्वाच्या वचनात येऊन पडली.

म्हणून महाराष्ट्रात विधवेला पूर्ण मोकळीक होती कारण मयूखात तसं लिहिलंय, हे जे सर्रास वाक्य वाचायला मिळतं ते अर्धंच खरं आहे. मयूखात परवानगी संपत नाही, परवानगी देणारा बदलतो. पूर्ण मोकळीक दिली ती मुंबई उच्च न्यायालयाने, त्याच 1868 साली, रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात. संमतिवयाच्या वादातल्या डॉक्टर रखमाबाई त्या या नव्हेत, तो खटला पुढचा आणि वेगळा. या निकालात ठरलं ते असं: मराठी मुलखात विधवेला नवऱ्याची परवानगी नको आणि भाऊबंदांची संमतीही नको. एवढंच पाहायचं, की तिने धर्मकर्तव्य म्हणून सचोटीने दत्तक घेतला, लहरीखातर किंवा लाच घेऊन नाही. नवऱ्याने स्वतः मनाई करून ठेवली असेल तर मात्र घेता येणार नाही, हेही मुंबईच्या न्यायालयांनी पुढे धरून ठेवलं.

मग न्यायालय चुकलं का? शब्दांपुरतं बघितलं तर हो, नीलकंठांनी जोडलेला अर्धा भाग त्यांनी टाकून दिला. पण आमचं मत वेगळं आहे. नीलकंठांनी पहिल्या अटीला जे माप लावलं तेच दुसऱ्या अटीला लावून बघा. भाऊबंदांची आज्ञा कशासाठी? बाईचं रक्षण व्हावं, तिला कुणी फसवू नये, यासाठी. प्रयोजन दृष्ट आहे. आता आपल्या त्या घरात चला. भाऊबंद म्हणजे कोण? धाकटा दीर. दत्तक झाला तर जमीन कुणाची जाते? त्याचीच. म्हणजे ज्याने रक्षण करायचं त्याचाच दत्तक न होण्यात फायदा. अशा माणसाच्या आज्ञेने रक्षणाचं काम होत नाही, उलट होतं. मद्रासकडे सपिंडांच्या संमतीची अट राहिली, आणि तिथल्या न्यायालयांना पुढे वारंवार विचार करावा लागला की सपिंडाने वाईट हेतूने नकार दिला तर तो मानायचा की नाही. कोंडा निघत नसेल तर कांडण कशाला, हे नीलकंठांचंच शिकवणं. मुंबईच्या न्यायाधीशांनी ते शेवटपर्यंत नेलं, नीलकंठ स्वतः मध्येच थांबले होते. भाऊबंदांच्या जागी न्यायालयाने बाईच्या हेतूची तपासणी ठेवली, ती त्याच प्रयोजनाला जास्त जवळची होती.

मात्र न्यायालयांनाही हे माप सरळ धरून ठेवता आलं नाही. आपल्या घरात एक फरक करून बघा. समजा, वाटण्या झालेल्याच नाहीत. एकत्र कुटुंब आहे. मग थोरल्याचा हिस्सा तो वारताच दिराकडे आपोआप गेला, बाईकडे पोटगीचा हक्क तेवढा उरला. आता तिने दत्तक घेतला तर कुटुंबात एक नवा हिस्सेदार येतो. रामजी विरुद्ध घमाऊ या खटल्यात मुंबईच्या पूर्ण पीठाने ठरवलं, अशा घरात विधवेला नवऱ्याची परवानगी नसेल तर सासऱ्याची किंवा इतर सहहिस्सेदारांची संमती लागेल. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर घालवलेली अट मागच्या दाराने आत आली. वसिष्ठांच्या वाक्यात विभक्त आणि अविभक्त असा भेदच नाही. हा अपवाद न्यायालयाने वचनातून काढला नव्हता, मालमत्तेच्या भीतीतून काढला होता. अनेक वर्षं तो चालला. शेवटी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, भीमाबाई विरुद्ध गुरुनाथगौडा या धारवाडकडच्या खटल्यात, प्रिव्ही कौन्सिलने तो मोडला. एकत्र कुटुंबातली विधवासुद्धा कुणाच्या संमतीवाचून दत्तक घेऊ शकते असं ठरलं.

अपवाद खरा की बनावट, हे ओळखायची एक खूण इथे मिळते. खऱ्या अपवादाचा आधार एक तर वचनात असतो किंवा वचनाच्या प्रयोजनात असतो. रामजीच्या निकालातल्या अपवादाला यातलं काहीच नव्हतं, म्हणून तो टिकला नाही.

कोल्हापूरकरांना एक आठवण सहज होईल. 25 डिसेंबर 1883 रोजी चौथे शिवाजी महाराज वारले. त्यांच्या विधवा पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक घेतले, तेच आपले शाहू महाराज. संस्थानाच्या गादीला सरकारची मंजुरी लागायची, तेव्हा हे प्रकरण मयूखाच्या ओळीवर तोललं गेलं असं आम्ही म्हणणार नाही. पण विधवेच्या दत्तकाला या मुलखात काय स्थान होतं ते यातून दिसतं. मिथिलेचा अर्थ इथे चालता असता, तर असा दत्तक शास्त्राच्या नावाने पहिल्या पायरीवरच अडवता आला असता.

आता शेवटचा टप्पा. 1956 साली हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा आला आणि वसिष्ठांचं वाक्य कोर्टापुरतं मागे पडलं. त्या कायद्याने विधवेला स्वतःच्या हक्काने, स्वतःसाठी दत्तक घ्यायचा अधिकार दिला. दिराची जी भीती होती तिचाही बंदोबस्त केला: दत्तक होण्याआधी ज्याच्याकडे मालमत्ता कायदेशीर आली असेल, त्याच्याकडून ती दत्तकामुळे काढून घेतली जाणार नाही. पण गंमत अशी, की 1956 च्या कलम आठमध्ये सधवेला स्वतः दत्तक घेताच येत नव्हतं, नवऱ्याने हो म्हटलं तरीही. घ्यायचा तर नवऱ्याने घ्यायचा, तिने संमती द्यायची. 2010 च्या दुरुस्तीने हे कलम नव्याने लिहिलं. आता त्याची रचना अशी आहे: सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणत्याही हिंदू स्त्रीला दत्तक घेता येतं. हा सामान्य नियम. आणि पुढे परंतुक: तिचा नवरा हयात असेल तर त्याच्या संमतीशिवाय नाही, मग तो संन्यासी झाला असेल, हिंदू राहिला नसेल किंवा न्यायालयाने वेडा ठरवला असेल तर ती संमतीही नको.

हे ऐकताना कान टवकारले पाहिजेत. वसिष्ठांचं वाक्य उलटं फिरलं. तिथे मनाई सामान्य होती आणि अधिकार हा अपवाद. इथे अधिकार सामान्य झाला आणि अट अपवादात गेली, तीही फक्त नवरा हयात असताना. नीलकंठांनी सधवेलाच लागते असं म्हटलं होतं, ते जवळजवळ जसंच्या तसं कलमात आलं, आणि भाऊबंदांच्या आज्ञेचं त्यांचं शेपूट तेवढं गेलं. संन्यास, धर्मांतर, वेड ही तीन निमित्तं बघा. नवरा जिवंत आहे, पण त्याला विचारण्याचं प्रयोजन उरलेलं नाही. म्हणजे पुन्हा सोन्याचे मणी.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, की मग सधवेवर ही अट तरी का ठेवली, हा अपवादही प्रयोजनाच्या कसोटीला लावा ना. प्रश्न रास्त आहे. कसोटी लावली तर असं दिसतं: याच कायद्याच्या कलम सातमध्ये पुरुषालाही बायको हयात असेल तर तिच्या संमतीशिवाय दत्तक घेता येत नाही. 2010 नंतर अट दोघांवर सारखी आहे. तेव्हा तिचं प्रयोजन बाईला ताब्यात ठेवणं हे उरलेलं नाही, एका घरात येणाऱ्या मुलाला दोघांनीही हो म्हटलेलं असावं हे आहे. जोवर घरात दोघं आहेत तोवर हा कोंडा खरा आहे आणि कांडणंही. उद्या कुणी न्यायाधीश फक्त बायकोच्या बाजूला त्यात आणखी एखादी संमती घालू लागला, सासऱ्याची म्हणा, दिराची म्हणा, तर त्याला विचारायचं, ही तुम्ही कोणत्या वचनातून आणली? आणि वचनात नसेल, तर ती कोणतं काम करते ते दाखवा.